"जमलं तर थोडं कमी करा" हे वाक्य मेलमधून काढल्यावर तिथे काय लिहायचं?

आधी हा मेल वाचा. पुरवठादाराचं कोटेशन आल्यावर खरेदी विभागातून रोज जे मेल जातात, त्यातला हा अगदी नेहमीचा नमुना आहे.

> नमस्कार सर,
> आपलं कोटेशन मिळालं, त्याबद्दल खूप खूप धन्यवाद. आपल्या मालाच्या दर्जाबद्दल तर प्रश्नच नाही. फक्त दर थोडा जास्त वाटतोय. सध्या आमचं बजेट जरा ओढाताणीचं आहे, तर जमलं तर थोडं कमी करता आलं तर बरं होईल. साधारण 42-43 च्या आसपास झालं तर आम्हालाही सोयीचं पडेल. आपले जुने संबंध आहेत, तेव्हा बघा काही करता आलं तर. उत्तराची वाट पाहतो. तसदीबद्दल क्षमस्व.

यात एकही वावगा शब्द नाही. तरीही हा मेल काम करत नाही, आणि का करत नाही हे पाहायचं तर तो पुरवठादाराच्या खुर्चीत बसून वाचावा लागतो.

आपण एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. माल आहे पॅकिंगची पाच-प्लाय पुठ्ठ्याची खोकी, महिन्याला 2,000 नग. पुरवठादाराने दर दिलाय प्रति खोकं 46, पोहोचवण्यासह, कर वेगळा. आकड्यांपुढे इथे चलन लिहिलेलं नाही, कारण हिशेब कुठल्याही चलनात तोच राहतो. खऱ्या मेलमध्ये मात्र ते लिहायलाच हवं.

आता पुरवठादार हा मेल वाचतो. त्याला "थोडं" दिसतं, "जरा" दिसतं, "जमलं तर" दिसतं, "साधारण" आणि "आसपास" दिसतं. तो 45.50 चा सुधारित दर पाठवतो आणि वर लिहितो, "खास तुमच्यासाठी". यात त्याने काहीही चुकीचं केलेलं नाही. तुम्ही थोडं कमी मागितलं, त्याने थोडं कमी केलं. 43 च्या वर गेलं तर ऑर्डर दुसरीकडे जाणार आहे, हे तुम्ही त्याला सांगितलेलंच नाही. त्यामुळे आपण एक मोठी ऑर्डर गमावायच्या बेतात आहोत, याची त्याला कल्पनाच नसते. भिडेपोटी लिहिलेल्या मेलचा खरा फटका असा समोरच्याला बसतो.

मग 45.50 चं उत्तर पाहून खरेदी करणारा वैतागतो आणि दुसरा मेल धाडतो:

> 43 पेक्षा जास्त देता येणार नाही. बाजारात याहून स्वस्त मिळतं. आज संध्याकाळपर्यंत कळवा, अन्यथा आम्हाला दुसरा पुरवठादार बघावा लागेल.

आता मर्यादा आली, असं वाटतं. पण नीट पाहिलं तर हा मेलही अस्पष्टच आहे. 43 कशाचे? कर धरून की वगळून? पोहोचवण्याचा खर्च त्यात आहे का? महिन्याला 2,000 घेणार की एकदाच 500? पैसे किती दिवसांत देणार? यातलं काहीच लिहिलेलं नाही. आवाज चढला म्हणजे म्हणणं स्पष्ट झालं, असं होत नाही. शिवाय आता पुरवठादाराने 43 मान्य केले तर तो धमकीला नमला असा अर्थ निघतो, आणि बरेच लोक तेवढ्यासाठीच नकार देतात.

दोन्ही मेलमधली चूक मुळात एकच आहे. पहिल्या मेलमध्ये माणसाशी दाखवायचा मऊपणा आकड्यावर सांडला. दुसऱ्यात आकड्याला हवा असलेला ठामपणा माणसावर गेला. मेल नव्याने लिहायचा म्हणजे या दोन गोष्टी वेगळ्या करून आपापल्या जागी ठेवायच्या.

लिहिण्याआधी: 43 हा आकडा आला कुठून?

मर्यादा स्पष्ट लिहिता येत नाही, याचं कारण पुष्कळदा भाषेत नसतंच. लिहिणाऱ्यालाच ती पक्की माहीत नसते. "42-43 च्या आसपास" हा मनातल्या धुक्याचा आकडा आहे. बजेटमध्ये बसतं म्हणून, गेल्या वर्षी एवढाच दर होता म्हणून, किंवा साहेब म्हणाले म्हणून ठरवलेला आकडा ही तुमची इच्छा झाली. ज्या दराच्या वर गेल्यावर तुम्ही खरोखर ऑर्डर देणार नाही, तो दर म्हणजे मर्यादा. आणि तो ठरतो तुमच्याकडच्या दुसऱ्या पर्यायावरून.

समजा दुसऱ्या एका कारखान्याचं कोटेशन आहे: प्रति खोकं 41, वाहतूक वेगळी, पैसे 15 दिवसांत. वरवर पाहता 41 विरुद्ध 46. पण 41 ला माल तुमच्या दारात येत नाही. वाहतुकीचे खोक्यामागे 1.80 धरा. नवा पुरवठादार घ्यायचा म्हणजे छपाईची नवी प्लेट, नमुन्यांची खोकी, माल भरून चाचणी, असा एकदाच होणारा खर्च आहे, तो समजा 7,200. वर्षाची 24,000 खोकी धरली तर खोक्यामागे 0.30 पडले. म्हणजे दुसऱ्या पर्यायाचा खरा दर झाला 41 अधिक 1.80 अधिक 0.30, एकूण 43.10.

हीच तुमची मर्यादा. आताच्या पुरवठादाराने 43.10 दिले तर बदलायचं कारण उरत नाही, कारण खर्च सारखाच आणि बदलाचा व्याप वाचतो. त्याहून जास्त सांगितले तर बदलण्यात फायदा आहे. 42 ही आशा, 43.10 ही मर्यादा. पहिल्या मेलमधल्या "42-43" मध्ये या दोन्ही एकात एक मिसळल्या होत्या.

इथे एक बारकावा आहे. दुसऱ्या कारखान्याला पैसे 15 दिवसांत हवेत, तर आताच्या पुरवठादाराला तुम्ही 45 दिवसांनी देता. पैसे 30 दिवस आधी देण्याची किंमत वर्षाला 12 टक्के व्याजाने प्रति खोकं साधारण 0.42 होते. म्हणजे 43.10 ही मर्यादा 15 दिवसांत पैसे देण्याच्या अटीवरची आहे. जुन्याच 45 दिवसांच्या अटीवर मोजली तर ती साधारण 43.50 झाली असती. मर्यादा आणि तिच्या अटी वेगळ्या काढता येत नाहीत. म्हणून मेलमध्येही त्या एकाच वाक्यात, फार तर लगतच्या दोन वाक्यांत असायला हव्यात.

आकडा 43.10 असेल तर 43.10 च लिहा, 43 करू नका. गोल आकडा अंदाजाने टाकल्यासारखा दिसतो आणि घासाघिशीला आमंत्रण देतो. मालिया मेसन आणि सहकाऱ्यांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हेच दिसलं होतं: नेमका आकडा मांडणाऱ्याला मालाच्या किमतीची चांगली माहिती आहे असं समोरच्याला वाटतं, आणि त्याचं उत्तर त्या आकड्याच्या जवळ राहतं. अर्थात हिशेब खरा हवा. "हे वरचे 10 कुठून आले?" असं पुरवठादाराने विचारलं आणि तुम्हाला सांगता आलं नाही, तर पुढच्या कुठल्याच आकड्यावर तो विश्वास ठेवणार नाही.

मर्यादेचं वाक्य

सगळ्या मेलचा कणा हे एक वाक्य आहे, म्हणून त्यावर जास्त वेळ घालवावा. कच्च्या मसुद्यात ते असं होतं:

> साधारण 42-43 च्या आसपास झालं तर आम्हालाही सोयीचं पडेल.

यात चार ठिकाणी गळती आहे. "साधारण" आणि "आसपास" एकच काम दोनदा करतात, दोन्ही काढायचे. "42-43" हा पल्ला आहे, आणि विकणारा पल्ल्याचं वरचं टोकच ऐकतो, म्हणून एकच आकडा ठेवायचा. "झालं तर" मध्ये दर कोण कमी करणार हेच नाही, जणू तो आपोआप खाली येणार आहे. आणि "सोयीचं पडेल" म्हणजे नाही पडलं तरी चालेल, असा सरळ अर्थ होतो.

आता हे पाहा:

> सध्याच्याच स्पेसिफिकेशनच्या खोक्यासाठी, आमच्या गोदामात पोहोच, कर वगळून, प्रति खोकं 43.10 या दरापर्यंत आम्ही ऑर्डर देऊ शकतो. याच्या वरच्या दराने ती देणं आम्हाला शक्य होणार नाही.

दोन वाक्यं आहेत आणि दोन्ही लागतात. नुसतं "43.10 पर्यंत देऊ शकतो" लिहिलं तर ते बोलण्याची सुरुवात वाटतं, कारण "पर्यंत" हा शब्द रोजच्या बोलण्यात आपण फार सैल वापरतो. "सहा वाजेपर्यंत येतो" म्हणणारा सव्वासहाला आला तरी कुणी हटकत नाही. दुसऱ्या वाक्याने त्या "पर्यंत"ला कुंपण पडतं.

दुसऱ्या वाक्याचा कर्ताही पाहा. "तुम्हाला दर कमी करावाच लागेल" यात कर्ता समोरचा आहे आणि त्याच्यावर सक्ती आहे. "आम्हाला शक्य होणार नाही" यात कर्ता आपण आहोत आणि आपल्या हद्दीबद्दल बोलतो आहोत. ठामपणा तेवढाच, पण समोरच्याला कोणी ढकललेलं नाही. मराठीत नकार सभ्य करायला हा रस्ता पुरेसा आहे. त्याभोवती आणखी कापूस लपेटायची गरज नसते.

विनंतीसाठीही मराठीकडे चांगलं साधन आहे, क्रियापदाचं "-आवा" रूप. "दर द्या" हा हुकूम वाटतो, "दर देता आला तर बघा" ही आर्जवं झाली. "आपण सुधारित कोटेशन पाठवावं ही विनंती" हे मधलं रूप आदराचं आहे आणि त्यात जर-तर नाही. सभ्यपणा क्रियापदात आणि "आपण"मध्ये राहू द्यावा. तो आकड्याजवळ आला की आकडा पातळ होतो.

"सध्याच्याच स्पेसिफिकेशनच्या" हे शब्द बरेच जण गाळतात आणि तिथेच सर्वात महाग चूक होते. पाच-प्लाय खोकं म्हणजे कागदाचे पाच थर. प्रत्येक थराचा कागद किती वजनाचा हे कागदाच्या चौरस मीटरमागच्या ग्रॅममध्ये, म्हणजे जीएसएममध्ये सांगतात. दर खाली आणायचा सोपा मार्ग म्हणजे एकदोन थरांत हलका कागद घालायचा. खोकं तेवढंच मोठं दिसतं, छपाई तीच असते, पण गोदामात थप्पी लावल्यावर सर्वात खालची खोकी दबतात. मर्यादा लिहिताना माल कोणता हे बांधून टाकलं नाही, तर तुम्ही 43.10 मध्ये वेगळीच वस्तू विकत घेता.

कारण द्यावं, पण खरं

कारणाशिवाय मागितलेली सूट मनमानी वाटते. पण कारण दिलं की काम झालं, असंही नाही. एलेन लँगर आणि सहकाऱ्यांचा 1978 चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. फोटोकॉपीच्या रांगेत मध्ये शिरून "मला आधी काढू देता का?" असं विचारायचं. पानं फक्त 5 असताना नुसत्या विनंतीवर 60 टक्के लोकांनी परवानगी दिली, "मला घाई आहे" म्हटल्यावर 94 टक्क्यांनी, आणि "कारण मला कॉपी काढायच्या आहेत" असं पोकळ कारण दिल्यावरही 93 टक्क्यांनी. हा भाग लोक नेहमी सांगतात. पुढचा भाग आपल्या जास्त कामाचा आहे. पानं 20 झाली, म्हणजे मागणं मोठं झालं, तेव्हा विनाकारण आणि पोकळ कारणावर सारखेच, 24 टक्के लोक तयार झाले. खऱ्या कारणावर 42 टक्के.

46 वरून 43.10 म्हणजे सुमारे सहा टक्क्यांची घट. हे 20 पानांसारखं मोठं मागणं आहे. "बजेट ओढाताणीचं आहे" हे इथे पोकळ कारण ठरतं, कारण बजेट कुणाचं ओढाताणीचं नसतं? खरं कारण असं: "सारख्याच स्पेसिफिकेशनचा दुसरा पर्याय, वाहतूक आणि बदलाचा खर्च धरून, आम्हाला 43.10 ला पडतो आहे." पुरवठादाराला याचं वजन कळतं, कारण त्याला हा हिशेब स्वतः करून पाहता येतो.

दोन पथ्यं मात्र पाळायची. दुसऱ्या पुरवठादाराचं नाव किंवा कोटेशनची प्रत पुढे पाठवायची नाही. तो कागद त्याने तुमच्या विश्वासावर दिलेला असतो. आणि नसलेलं कोटेशन आहे म्हणून सांगायचं नाही. पुरवठादार म्हणाला, "मग तिकडूनच घ्या", तर तुमच्याकडे खोकी नसतात आणि शब्दाला किंमतही राहत नाही. दुसरा पर्याय नसेल तर मर्यादा दुसऱ्या खऱ्या गोष्टीवर उभी करा, जसं आपल्या मालाच्या विक्रीच्या दरात पॅकिंगवर किती खर्च बसतो. तेही नसेल तर ती मर्यादा नसून इच्छा आहे, आणि मेलमध्ये "अपेक्षा" हाच शब्द लिहावा.

बदल्यात काय देता?

मेल सभ्य वाटण्यात या भागाचा वाटा धन्यवाद आणि क्षमस्वपेक्षा कितीतरी मोठा असतो. नुसतं मागणाऱ्यापेक्षा समोरच्याचा खर्च कमी करायला हातभार लावणारा माणूस वेगळा दिसतो.

आपल्या उदाहरणात सध्या महिन्याला चार वेळा, प्रत्येकी 500 खोकी येतात. गाडीची एक फेरी पुरवठादाराला 1,200 ला पडते असं धरलं, तर चार फेऱ्यांचे 4,800, म्हणजे खोक्यामागे 2.40. त्याच गाडीत 1,000 खोकी मावत असतील आणि तुम्ही दोनच फेऱ्यांत माल घेतलात, तर 1.20 वाचले. पैसे 45 ऐवजी 15 दिवसांत दिलेत तर त्याचे साधारण 0.42 वाचतात. दोन्ही मिळून 1.62. म्हणजे त्याच्यासाठी 46 चा दर आता 44.38 च्या तोडीचा झाला, आणि नफ्यातून सोडायचे राहिले फक्त 1.28. तुम्ही मागताय 2.90 ची घट, पण त्यातला निम्म्याहून जास्त भाग त्याच्या खिशातून जात नाही.

हे आकडे मेलमध्ये सविस्तर मांडू नयेत. दुसऱ्याच्या धंद्याचा खर्च त्यालाच शिकवल्यासारखं होतं, आणि त्याच्या फेरीचा खरा खर्च तुम्हाला माहीत असेलच असं नाही. फक्त काय देता ते लिहा. बेरीज तो करेल. मात्र लिहिण्याआधी गोदामात 1,000 खोकी कोरड्या जागी राहतील का, आणि लेखा विभाग खरोखर 15 दिवसांत पैसे सोडेल का, हे विचारून घ्या. 15 दिवस लिहून 40 दिवसांनी पैसे दिले, तर पुढच्या वर्षीच्या मेलमधलं एकही वाक्य कुणी खरं मानणार नाही.

नाही जमलं तर, आणि कधीपर्यंत

"अन्यथा" हा शब्द नियमात, नोटिशीत आणि दंडाच्या पावतीवर सापडतो. मेलमध्ये आला की तोच वास घेऊन येतो. त्याजागी आपण काय करणार ते साध्या भविष्यकाळात सांगावं: "या दराने शक्य नसेल तर तसं मोकळेपणाने कळवावं. मग पुढच्या महिन्यापासूनची ऑर्डर आम्ही दुसरीकडे देऊ." दुसरीकडे जाण्याची गोष्ट इथेही लपवलेली नाही. पण नकार द्यायला दार उघडं ठेवलंय, आणि नकार दिला तर काय होईल हे त्याला आधीच माहीत झालंय.

तारीख आपल्या गरजेवरून ठरवावी. "लवकरात लवकर" वाचून प्रत्येक जण आपापल्या सोयीचा अर्थ काढतो, आणि "आज संध्याकाळपर्यंत" हे उगाच दमात घेणं झालं. समजा सध्याचा साठा महिनाअखेरपर्यंत पुरतो आणि खोकी तयार व्हायला 10 दिवस लागतात. मग ऑर्डर 18 तारखेच्या आत गेली पाहिजे, आणि उत्तर 14 तारखेपर्यंत आलं तर कागदपत्रांना चार दिवस मिळतात. तारखेबरोबर वार आणि वेळ लिहिली की गैरसमजाला जागा राहत नाही.

आता पूर्ण मेल

> विषय: पाच-प्लाय खोकी, दरमहा 2,000: दराबाबत प्रस्ताव (उत्तर शुक्रवार, 14 तारखेपर्यंत)
>
> नमस्कार,
>
> आपलं कोटेशन (प्रति खोकं 46, पोहोचसह, कर वगळून) मिळालं. गेल्या वर्षभरात आपला माल ठरल्या दिवशी आला आणि खोक्यांबद्दल आमच्याकडे तक्रार आली नाही. म्हणून पुढची ऑर्डरही आपल्यालाच द्यावी अशी आमची इच्छा आहे.
>
> सध्याच्याच स्पेसिफिकेशनच्या खोक्यासाठी, आमच्या गोदामात पोहोच, कर वगळून, प्रति खोकं 43.10 या दरापर्यंत आम्ही ऑर्डर देऊ शकतो. याच्या वरच्या दराने ती देणं आम्हाला शक्य होणार नाही. सारख्याच स्पेसिफिकेशनचा दुसरा पर्याय, सगळे खर्च धरून, आम्हाला याच दराला पडतो आहे.
>
> हा दर आपल्याला परवडावा म्हणून आम्ही दोन बदल करू शकतो: माल महिन्यातून चार ऐवजी दोन वेळा, प्रत्येकी 1,000 खोकी असा घेऊ, आणि बिल मिळाल्यापासून 45 ऐवजी 15 दिवसांत पैसे देऊ.
>
> हे मान्य असल्यास आपण सुधारित कोटेशन शुक्रवार, 14 तारखेला संध्याकाळी 5 वाजेपर्यंत पाठवावं ही विनंती. या दराने शक्य नसेल तर तसंही मोकळेपणाने कळवावं. मग पुढच्या महिन्यापासूनची ऑर्डर आम्ही दुसरीकडे देऊ. चालू महिन्याची ऑर्डर ठरल्याप्रमाणे राहील.
>
> आपला,

मूळ मेलमधली "खूप खूप धन्यवाद" आणि "तसदीबद्दल क्षमस्व" गेली. दर विचारणं हे खरेदी करणाऱ्याचं कामच आहे. त्याबद्दल क्षमा मागितली की आपण काहीतरी गैर करतोय असं वाटतं. "जुने संबंध" गेले आणि त्याजागी एक तपासता येणारी गोष्ट आली: माल वेळेवर आला. कौतुक खरं आणि नेमकं असलं तर पुढच्या नकाराची तयारी म्हणून केल्यासारखं वाटत नाही. शेवटचं वाक्यही महत्त्वाचं आहे. चालू ऑर्डरवर टांगती तलवार नाही हे कळलं की समोरचा माणूस डोकं शांत ठेवून विचार करतो.

पाठवण्याआधी हा मेल व्यवहाराशी संबंध नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला वाचायला द्यावा आणि दोनच गोष्टी विचाराव्यात: आकडा किती आहे, आणि लिहिणारा चिडलेला वाटतो का? आपला सूर आपल्याला लिहिताना ऐकू येतो, वाचणाऱ्याला येत नाही. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांच्या 2005 सालच्या अभ्यासात आपलं वाक्य गंभीर आहे की उपरोधिक हे ईमेलवरून सुमारे 78 टक्के वेळा ओळखलं जाईल असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते 56 टक्के वेळा ओळखलं गेलं, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा थोडंसंच बरं.

उत्तर आल्यावर

सर्वात जास्त वेळा उत्तर येतं ते असं: "44 करतो, याखाली खरंच परवडत नाही." इथे मर्यादेची परीक्षा होते. तुम्ही 44 ला हो म्हणालात, तर 43.10 ही मर्यादा नव्हतीच हे त्याला कळलं आणि पुढच्या प्रत्येक मेलमध्ये तो त्यावर 0.90 चढवूनच वाचेल. उत्तर छोटं द्यावं: "सुधारित दराबद्दल आभार. आमची मर्यादा 43.10 च आहे. त्यात बसण्यासाठी फेऱ्या किंवा छपाई यात आणखी काही बदल उपयोगी पडणार असेल तर सुचवावं, आम्ही विचार करू." उदाहरणार्थ दोन रंगांऐवजी एका रंगात छपाई केली तर त्याचा खर्च खरोखर कमी होतो. आकडा जागचा हलवायचा नाही, अटी हलवता येतात.

दुसरं उत्तर: "43.10 मान्य, वाहतूक वेगळी." इथे वाद घालायची गरज नाही, कारण मेलमध्ये "पोहोच" लिहिलेलं आहे. तेवढंच वाक्य उद्धृत करून विचारावं की हा दर पोहोचसह आहे का.

तिसरं उत्तर सर्वात गोड असतं: "43.10 मान्य." यावर परचेस ऑर्डर काढताना मेलमधले तेच शब्द उतरवावेत: स्पेसिफिकेशन, प्रत्येक थराचं जीएसएम, पोहोच, कर, फेऱ्या, पैशांची मुदत. पहिला माल आला की जुन्या साठ्यातली 10 कोरडी खोकी आणि नव्या मालातली 10 एकाच काट्यावर तोलावीत. कागदात ओलावा कमीजास्त असतो, म्हणून किरकोळ फरक पडणारच. पण नवी खोकी ठळकपणे हलकी भरली, तर कागद बदललाय का हे त्याच दिवशी विचारावं आणि तोपर्यंत ती खोकी वापरात घेऊ नयेत.

आणि नकार आला तर? मग जे लिहिलं तेच करायचं, आणि जाताना एवढं कळवायचं: "मोकळेपणाने कळवल्याबद्दल आभार. पुढच्या महिन्यापासूनची ऑर्डर आम्ही दुसरीकडे देत आहोत. चालू महिन्याच्या मालाचे पैसे ठरल्याप्रमाणे 45 दिवसांत मिळतील. पुढच्या वर्षी दर मागवताना आपल्यालाही नक्की विचारू." आणि ते 45 दिवस पाळायचे.